भिंतीवरचा एकच कागद

आमच्या द्राक्ष गटाचा एक नियम होता: फवारणीचा तक्ता एकाच कागदावर छापायचा, खाली अध्यक्षांची सही घ्यायची आणि पॅकहाउसच्या दाराशेजारच्या भिंतीवर चिकटवायचा. दोन कागद चालणार नाहीत. हा नियम मी नोकरीला लागण्याआधीचा. त्यामागे घडलेली गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आली. एका हंगामात तक्ता दोन कागदांवर होता, दुसरा कागद एके सकाळी भिंतीवरून गायब झाला, आणि तो कोणी फाडला यावरून दोन भावकींतली बोलचाल बंद झाली ती अजून बंदच होती. तेव्हापासून एकच कागद.

ही दोन हजारनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मी अवसरी बुद्रुकची. मंचरला कॉम्प्युटरचा क्लास केला होता, त्या जोरावर जुन्नर तालुक्यातल्या या पॅकहाउसमध्ये ऑफिसची नोकरी मिळाली. सकाळी मंचरला यायचं, तिथून नारायणगावची गाडी, पुढे जीप. कामं मी वहीत लिहून ठेवायची आणि झालं की टिक करायची. ही सवय मला माहेरची. आई चुलीवर दूध ठेवतानासुद्धा पुढच्या तीन कामांची नावं घ्यायची.

तक्ता भिंतीवर लावायचा तो कशासाठी, हे आधी सांगते. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर माल परत. आणि कंटेनर एकाच्या बागेवर भरत नाही, पाच-सहा बागांचा माल एकत्र जातो. म्हणजे एकाने काढणीच्या तोंडावर नको ते फवारलं आणि सांगितलं नाही, तर बाकीचे सगळे बुडाले. म्हणून प्रत्येकाने प्रत्येक फवारणी ऑफिसात कळवायची, ती तक्त्यात चढायची, आणि तक्ता सगळ्यांनी बघायचा. एका ओळीत एक बाग. ओळीत डावीकडून उजवीकडे रकाने: पहिली फवारणी, दुसरी, तिसरी, अशी पुढे. प्रत्येक चौकोनात तारीख आणि औषध. शेवटच्या फवारणीपासून किती दिवस थांबायचं ते औषधावर ठरतं, आणि त्यावरून कोणाची काढणी कधी ते ठरतं.

कागदावर हे चांगलं दिसतं. प्रत्यक्षात त्या भिंतीपुढे उभा राहणारा प्रत्येक माणूस दुसऱ्याची ओळ वाचायचा. मी खिडकीतून रोज बघायची. चप्पल न काढता, हात मागे बांधून, मान पुढे काढून. कोणाचं बोट कोणाच्या ओळीवर आहे त्यावरून कोणाचं कोणाशी बिनसलंय ते मला कळायचं. गट स्थापन झाला तो विश्वासावर, असं अध्यक्ष प्रत्येक बैठकीत म्हणायचे. अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. मला मात्र वाटायचं, हा गट एकमेकांवरच्या संशयावर चाललाय आणि बरा चाललाय.

त्या हंगामात एक नवा सभासद आला. टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. घर विहाराच्या मागे, जमीन ओढ्याच्या कडेला. त्यांच्या घराण्यातली ही पहिलीच बाग. फंडाचे पैसे त्यांनी तारा, अँगल आणि रोपांत घातले होते. मी त्यांना काका म्हणायची. फवारणी झाली की त्याच दिवशी फोन यायचा, तारीख, औषध, प्रमाण, सगळं सावकाश, आपण लिहून घेतोय याची खात्री करत. बाकीच्यांना मला फोन करून विचारावं लागायचं. पण भिंतीपुढे सर्वांत जास्त बोटं काकांच्याच ओळीवर असायची. नवा आहे म्हणून, असं सगळे म्हणत. तेवढंच कारण होतं असं मला कधी वाटलं नाही, पण ते कोणी तोंडाने बोलत नसे आणि मीही नाही.

काकांचा बांधशेजारी हा गटातला जुना सभासद. त्याला सगळे भाऊ म्हणत, मीही. आवाज मोठा, बाग चांगली, स्वभाव असा की बाजारातून तराजू विकत घेतला तरी घरी आणून दुसऱ्या तराजूवर तोलून बघेल.

त्या वर्षी माघात ढगाळ हवा आली. बागांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पडली. एरवी जेवढ्या फवारण्या होतात त्यापेक्षा जास्त झाल्या. ज्यांच्या बागा उशिराच्या होत्या, त्यांना ऐन घड भरताना गंधक मारावं लागलं. काका त्यांतले एक.

बुधवारी मी तक्ता छापला, आबांची सही घेतली, भिंतीवर लावला, वहीत तिन्हींवर टिक केली. शनिवारी बैठक होती. पहिल्या कंटेनरला कोणाकोणाची बाग घ्यायची ते तिथे ठरणार होतं. कंटेनर सुटला तर पुढचा कधी, आणि तोवर भाव काय, हे कोणी सांगू शकत नव्हतं. काकांचं पहिलं पीक त्या कंटेनरमध्ये जातंय का नाही, एवढीच त्या शनिवारी त्यांच्यापुढची गोष्ट होती. त्यांनी मला फोनवर दोनदा विचारलं होतं की बैठकीला इस्त्रीचा शर्ट घालून यायचं असतं का.

शुक्रवारी दुपारी भाऊ ऑफिसात आला. खुर्ची ओढली नाही. उभ्यानेच म्हणाला, “बाई, मंगळवारी माझ्या शेजाऱ्यानं फवारणी केली. म्या बांधावरून डोळ्यांनी बघितली. तुमच्या कागदावर कुठंय ती?”

मी म्हणाले, असणार, त्यांचा फोन आला होता. मी उठून त्याच्याबरोबर भिंतीपर्यंत गेले. काकांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि उजवीकडे सरकत गेले. ओळ आधीच्या आठवड्यातल्या फवारणीवर संपत होती. पुढे कागदाची पांढरी कड.

मी ऑफिसात परत आले, कॉम्प्युटरवर तक्ता उघडला. पडद्यावर मंगळवारची तारीख, गंधक, सगळं जागच्या जागी. मी मॉनिटर त्याच्याकडे वळवला. तो वाकून बघून म्हणाला, “हे तर तुमी आत्ता बी लिवलं असंल.”

मला राग आला, पण राग आला की मी काम करते. प्रिंटची आज्ञा दिली. कागद बाहेर आला. मंगळवार नाही. पुन्हा दिली. पुन्हा नाही. पडद्यावर आहे आणि कागदावर नाही. प्रिंटर जुना होता, पण जुना प्रिंटर शाई पुसट करतो, एका माणसाची एक फवारणी गाळून टाकत नाही. भाऊ दोन्ही कागद घडी घालून खिशात ठेवत म्हणाला की उद्या बैठकीत बघू, आणि गेला. दारातून जाता जाता एवढंच बोलला: “फोन करणाऱ्याचं काम तुमी लई मनावर घेता, बाई.”

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. म्हणजे त्याचं म्हणणं असं, की मी काकांच्या बाजूने रकाना लपवला. पडद्यावर ठेवला आणि कागदावरून गाळला.

मी वहीचं नवं पान काढलं आणि त्या आठवड्यात कॉम्प्युटरला हात लावलेल्यांची नावं लिहिली. मी. आबांचा नातू, ज्याने पत्ते खेळायला म्हणून उघडला होता आणि ज्याला एक्सेल म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आणि आमचा माल परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचा फिल्ड ऑफिसर. या साहेबांनीच हंगामाच्या सुरुवातीला तक्त्याचा साचा करून दिला होता. बुधवारी सकाळी, तक्ता छापण्याआधी, ते आले होते आणि मी चहा सांगायला गेले तेव्हा माझ्या खुर्चीत बसले होते. माझं बोट तिथेच थांबलं. साहेबांना काकांची बाग नको असेल का? ओढ्याकाठची, नवी, लहान. गाडी आत जायला रस्ता नाही. मला ते पटायला लागलं. मी फोनकडे हात नेला आणि परत घेतला. काय विचारणार होते? आरोप करायला हातात काही लागतं.

मग मी क्लासची वही काढली. मंचरच्या क्लासमध्ये सरांनी मेनूतली एकेक गोष्ट लिहून दिली होती आणि मी ती न समजताही उतरवून घेतली होती. एकेक मेनू उघडत गेले. फाइलमध्ये प्रिंट एरिया. व्ह्यूमध्ये पेज ब्रेक प्रिव्ह्यू. हे दुसरं मी कधी दाबलं नव्हतं. दाबलं.

तक्ता एकदम लहान झाला आणि त्याचे दोन रंग झाले. डावीकडचा मोठा भाग पांढरा, त्याभोवती जाड निळी चौकट, मधोमध फिकट मोठ्या अक्षरांत ‘पेज वन’. निळ्या चौकटीच्या बाहेर सगळं राखाडी. आणि त्या राखाडी भागात, चौकटीला लागून, मी स्वतः वाढवलेला शेवटचा रकाना.

समजायला वेळ लागला, पण समजलं. साहेबांनी साचा करताना काय छापायचं त्याची हद्द आखून दिली होती. नेहमीच्या हंगामात जेवढ्या फवारण्या होतात तेवढे रकाने त्या हद्दीत. तेवढेच एका कागदावर बसत होते. त्या वर्षी भुरीमुळे फवारण्या वाढल्या, आखलेले रकाने भरले, आणि मी पुढच्या मोकळ्या रकान्यात लिहीत गेले. वर शीर्षक घातलं, रेघा ओढल्या. पडद्यावर तो तक्त्याचाच भाग दिसत होता. पण हद्द आपोआप सरकत नाही. हद्दीबाहेर लिहिलेलं कॉम्प्युटर जपून ठेवतो, छापत मात्र नाही. बहुतेक बागांच्या ओळी त्या रकान्यापर्यंत पोहोचलेल्याच नव्हत्या, म्हणून कोणाला काही कमी दिसलं नाही.

म्हणजे साहेबांचा काही डाव नव्हता. नातवाचाही नाही. मी वहीतलं ते पान फाडलं.

मग राखाडी रकाना वरून खाली बघितला. त्यात दोनच चौकोन भरलेले होते. एक काकांचा. दुसरा भाऊचा.

भाऊने सोमवारी गंधक मारलं होतं आणि मंगळवारी ऑफिसात येऊन, औषधाची पिशवी टेबलावर ठेवून, मला सांगितलं होतं. मीच लिहिलं होतं. ती फवारणीसुद्धा भिंतीवरच्या कागदावर नव्हती. आणि तोच माणूस काकांची फवारणी नाही म्हणून माझ्यापुढे उभा होता.

इथे माझा संशय पुन्हा जागा झाला, आणि या वेळी जास्त पक्का. स्वतःची फवारणी झाकली गेलीय हे त्याला माहीत असणार. माहीत असून तो गप्प, आणि शेजाऱ्याची मात्र बाहेर काढतोय. कंटेनरमध्ये जागा एकाचीच उरली तर ती आपली व्हावी, असा हिशोब. मी त्याला मनातल्या मनात बरीच नावं ठेवली.

पहिलं मनात आलं ते असं, की निळी रेघ ओढावी, नवा कागद छापावा, जुना काढून हा लावावा. हात माउसवर होताच. पण थांबले. भाऊच्या खिशात दोन कागद होते आणि भिंतीवर आबांच्या सहीचा तिसरा. सकाळी भिंतीवर वेगळा कागद दिसला असता तर त्याला हवं तेच झालं असतं. काल नव्हतं, आज आलं, रातोरात कोणी लिहिलं? मी काहीही न बदलता तक्ता बंद केला, ऑफिसला कुलूप लावलं आणि किल्ली आबांच्या घरी नेऊन दिली. त्यांना सांगितलं की उद्या बैठकीच्या वेळी तुम्हीच कुलूप उघडा, तोवर कोणी आत जायचं नाही, मीही नाही.

आबांनी किल्ली हातात घेतली; भाऊ त्यांच्याकडे आधीच येऊन गेला होता. मग हळूच विचारलं, “बाई, तुला कुणी सांगितलं तर न्हवतं ना ती फवारणी गाळायला?”

मला ते लागलं. मी नाही म्हटलं आणि शेवटची गाडी गाठायला निघाले. मंचरपर्यंत खिडकीला डोकं टेकून एकच विचार करत होते, की आबांना असं वाटू शकतं तर उद्या बाकीच्यांना काय वाटेल.

शनिवारी सकाळी वीज जाण्याची वेळ धरून बैठक लवकर ठेवली होती. आबांनी सगळ्यांसमोर कुलूप काढलं. काका इस्त्रीच्या शर्टात आले होते, पण दारातच उभे राहिले, कारण बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. कोणीतरी त्यांना या, बसा म्हणालं. ते बसले नाहीत.

भाऊने खिशातला एक कागद काढून आबांपुढे ठेवला आणि सांगायचं ते सांगितलं. मंगळवारी फवारणी झाली, आपण बघितली, तक्त्यात नाही, लपवलेली फवारणी असलेला माल कंटेनरमध्ये गेला तर सगळ्यांच्या पोटावर पाय. त्यात चुकीचं काही नव्हतं. नियम तोच होता. दोघं-तिघं माना डोलवत होते. काकांनी म्हटलं की मी कळवलं होतं, आणि एवढंच. त्यांचा आवाज इतका खाली होता की मागच्यांनी काय म्हणाले, काय म्हणाले असं विचारलं.

मी सगळ्यांना आत बोलावलं. छोटा मॉनिटर, त्याभोवती इतकी माणसं, की टेबल हललं. कॉम्प्युटर मी आबांकडूनच चालू करवला. तक्ता उघडला. मंगळवार पडद्यावर. मागून कोणीतरी म्हणालं की हे काल बी व्हतं, भाऊ म्हणत व्हता. मी छापून दाखवलं. मंगळवार कागदावर नाही. मग पेज ब्रेक प्रिव्ह्यू.

“ही निळी रेघ म्हणजे बांध,” मी म्हणाले. “बांधाच्या आतलं छापतं. बाहेरचं पडीक.”

“बांध कुणी घातला?” भाऊने विचारलं.

साहेबांनी साचा केला तेव्हाचा आहे, असं मी सांगितलं. आणि आत फवारण्या किती बसतात तेही मोजून दाखवलं. पुढचा रकाना मी बांधाबाहेर लिहिला, कारण पडद्यावर बांध दिसतच नव्हता. मग उजवीकडची निळी रेघ माउसने धरली आणि राखाडी रकान्याच्या पलीकडे ओढली. रकाना पांढरा झाला. खोलीत कोणीतरी ‘आयला’ म्हणालं.

पण मधे एक नवी रेघ आली, तुटक तुटक, निळी. शेवटचा रकाना तिच्या पलीकडे, आणि त्यावर ‘पेज टू’.

आबांनी मान हलवली. “दोन कागद न्हाई.”

त्यांना मी थांबा म्हटलं. रुंदी कागदाच्या बाहेर गेली म्हणून कॉम्प्युटरने आपणहून तिथे पान तोडलं होतं. ती तुटक रेघ मी धरली आणि शेवटच्या रकान्याच्या उजव्या कडेपर्यंत नेऊन सोडली. ‘पेज टू’ नाहीसं झालं. सगळं ‘पेज वन’. छापलं. कागद बाहेर आला, मंगळवार त्यावर.

भाऊने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. “अक्षरं बारीक का केली?”

मी सांगितलं की रकाने जास्त आणि कागद तेवढाच, म्हणून सगळा तक्ताच थोडा लहान करून बसवावा लागतो. रेघ सरकवली की ते आपोआप होतं. त्याला ते पटलं नाही. बारीक अक्षराबद्दल त्याचं मत विम्याच्या कागदांवरून बनलेलं होतं.

“हे मान्य,” तो म्हणाला, “की रेघ सरकवली की दिसतं. पन रेघ तुमच्या हातात, बाई. आज दाखवायचं म्हणून सरकवली. कुणाचं झाकायचं असंल तर परत मागं न्यायला किती वेळ लागतो? सांगा ना.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. उत्तर अवघड होतं, कारण तो बरोबर बोलत होता. रेघ मागे न्यायला काहीच वेळ लागत नाही. माझ्याकडे एकच उत्तर होतं, ते म्हणजे त्या रकान्यातला दुसरा चौकोन. तो मी कालपासून धरून ठेवला होता आणि आता टाकायचा असं ठरवलं. भाऊचा चेहरा कसा होतो ते बघायचंही होतं, हेही खरं.

मी तोंड उघडायच्या आत, दाराकडून माणसांच्या खांद्यांवरून पडदा वाचत, काका बोलले.

“भाऊ, त्या रकान्यात तुमचं बी गंधक हाय.”

भाऊ वळला. “माझं?”

“सोमवारचं. जुन्या कागदावर तुमची ओळ बी मागच्या आठवड्यातच संपती. बघा.”

आबांनी जुना कागद टेबलावर पसरला, नवा शेजारी. भाऊचं बोट सवयीने आधी काकांच्या ओळीवर गेलं. मग तो आपली ओळ शोधायला लागला आणि ती त्याला लवकर सापडेना. वरून खाली गेला, परत वर. तीन दिवस ज्या कागदापुढे उभा होता, ज्याच्या दोन प्रती रात्रभर खिशात होत्या, त्यावर आपण कितव्या ओळीत आहोत हे त्याला माहीत नव्हतं. शेवटी आबांनी बोट धरून ठेवलं. ओळ आधीच्या आठवड्यात संपत होती. त्याने नव्या कागदावर बघितलं. सोमवार, गंधक.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो पकडला गेलेल्या माणसाचा चेहरा नव्हता. तो दोनदा बाईऽ म्हणाला. माझा पक्का संशय तिथेच गळाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याने स्वतःची ओळ एकदाही वाचली नव्हती.

मग आबांनी काकांना विचारलं की तुम्हाला हे कधी कळलं.

काका म्हणाले, बुधवारीच. कागद लागला त्या संध्याकाळी ते बघायला आले होते. आदल्या दिवशी सकाळी स्वतः फवारताना त्यांना बांधापलीकडच्या पानांवर गंधकाची पांढरी भुकटी दिसली होती, वासही येत होता, म्हणून भाऊने मारलंय हे त्यांना पक्कं ठाऊक. कागदावर ते नव्हतं.

“मग बोलला का न्हाई?” भाऊने विचारलं. आता त्याचा आवाज मोठा नव्हता.

“नवा मानूस. जुन्याचं बोट दाखवायला गेलो तर उद्या मलाच बाहेर काढतील, असं वाटलं. म्हनलं, लपवलंय तर लपवू दे.”

“आन् सोताचं?”

काकांनी खाली बघितलं, मग हसले. त्या दिवशीचं त्यांचं पहिलं हसू. “माझी वळ म्या बघितलीच न्हाई, भाऊ. तुमचीच बघत व्हतो.”

आधी आबा हसले. मग बाकीचे. भाऊ शेवटी, आणि नाइलाजाने. पण हसला. म्हणाला, “पोस्टातला मानूस तुमी. दुसऱ्याची पत्रं वाचायची सवय लागली व्हय, राव?”

“वाचायची न्हाई,” काका म्हणाले. “पोचवायची.”

भाऊने खिशातला उरलेला कागद काढला, त्याचे चार तुकडे केले आणि कचऱ्यात टाकायला जागा न मिळाल्याने परत खिशात ठेवले.

त्यानंतर काम भराभर झालं. दोघांच्याही गंधकाचे थांबायचे दिवस काढणीच्या आधी संपत होते. तपासणीचा नमुना स्वच्छ येण्याच्या अटीवर दोघांच्या बागा यादीत धरल्या. आबांनी नव्या कागदावर सही करायला पेन काढलं, तेवढ्यात वीज गेली. दारातल्या उजेडात त्यांनी सही केली. भिंतीवरचा जुना कागद भाऊने स्वतः काढला, नवा काकांनी लावला, एक कोपरा भाऊने दाबून धरला. कागद सरळ लागला.

नमुना स्वच्छ आला. काकांचा माल पहिल्या कंटेनरमध्ये गेला. गाडी ओढ्यापर्यंत जात नव्हती म्हणून क्रेट भाऊच्या बागेतून, त्याच्या रस्त्याने, त्याच्याच ट्रॉलीत आले. भाडं त्याने घेतलं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

माझ्यापुरतं मी काम बदललं. तक्त्याच्या शेवटी एक रिकामा रकाना हद्दीच्या आत कायम ठेवला आणि नवीन फवारणी आली की नवा रकाना त्याच्या अलीकडे घुसवायला लागले. आत घुसवलं की हद्द आपोआप वाढते, बाहेर लिहिलं की नाही. छापण्याआधी दर वेळी पेज ब्रेक प्रिव्ह्यू बघायचा, तुटक रेघ मधे आली असेल तर कडेला न्यायची. वहीत ‘छापणे, सही, चिकटवणे’ याच्या वर चौथी ओळ वाढली: ‘राखाडी बघणे’. बैठकीत ठरलं म्हणून दर बुधवारी छापताना सभासदांपैकी एकाने शेजारी बसायचं, पाळीने. बहुतेक जण चहा पिऊन जायचे. भाऊ मात्र आपल्या पाळीला शेवटपर्यंत बसायचा आणि निळी रेघ स्वतः ओढायचा. माउस तो नांगराच्या मुठीसारखा धरायचा.

त्या बैठकीनंतरच्या पहिल्याच बुधवारी मी खिडकीतून बघत होते. भाऊ कागदापुढे उभा होता, हात मागे. मग एक हात पुढे आला. बोट आपल्या ओळीवर ठेवलं, शेवटपर्यंत नेलं, थांबला. आणि मग सावकाश खाली, काकांच्या ओळीवर.